अख्खी कंपनी प्रोबेशनवर

ऋजुताने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या इंजिनिअरला नोकरी देऊ केली, तेव्हा सेंडचं बटण दाबल्यावर ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या तेजोमय कंट्रोल्सच्या पोटमाळ्यावर तिचं एचआरचं टेबल. खाली शेडमध्ये पत्र्याच्या उंच कपाटांत वायरी भरण्याचं काम चालायचं. ही कपाटं म्हणजे कंट्रोल पॅनल, कंपनीचा सगळा धंदा त्यांच्यावर. ती कठड्यावरून वाकली आणि खाली ओरडली, "काळुरामदादा, पाठवलं! रत्नदीपचं लेटर पाठवलं!"

काळुरामदादांनी हातातली पक्कड उंच करून दाखवली. सगळ्या शेडला ठाऊक होतं की रत्नदीप नावाचा माणूस आला तर भिवंडीच्या कोल्ड स्टोरेजची ऑर्डर वेळेत होणार, नाहीतर काही खरं नाही. एवढी मोठी ऑर्डर कंपनीला कधी मिळालीच नव्हती. कंपनीत तेवीस माणसं होती, पण पॅनलच्या आतला प्रोग्रॅम लिहिणारा एकही पक्का माणूस नव्हता. सुश्रुत सर, म्हणजे कंपनीचे मालक, स्वतःच लिहायचे. दिवसा गिऱ्हाइकांकडे आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर. रत्नदीपचा इंटरव्ह्यू घेऊन ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बारावीचा चांगला निकाल लागल्यासारखा झाला होता. "ऋजुता, हा माणूस हातचा जाता कामा नये. आजच्या आज ऑफर दे."

तिनेही दिली. जुन्या ऑफर लेटरची फाइल उघडली, नाव बदललं, हुद्दा बदलला, पगार टाकला, सरांची सही घेतली, पाठवलं. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी रत्नदीपचा फोन आला. आवाज शांत होता, पण त्यात थँक्यूच्या पुढे काहीतरी अडलेलं होतं.

"मॅडम, लेटर वाचलं. दोनतीन गोष्टी विचारायच्या होत्या, प्रोबेशनच्या. फोनवर नको वाटतं. तुम्ही डोंबिवलीलाच राहता ना? मी ठाकुर्लीला. उद्या सकाळी भेटता येईल का? माझी बायको पण येईल, चालेल ना?"

"चालेल की," ऋजुता म्हणाली आणि फोन ठेवला. प्रोबेशनच्या कलमात नेमकं काय लिहिलंय हे तिला आठवेना.

शनिवारी ठाकुर्ली स्टेशनजवळच्या एका उपाहारगृहात ते तिघं बसले. रत्नदीप तिशीतला, जरा संकोची, बोलताना बोटांनी टेबलावर चौकोन काढणारा. त्याची बायको अमृता कल्याणच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स होती. रात्रपाळी संपवून थेट आलेली, तरी डोळे लख्ख जागे. तिने पिशवीतून लेटरची प्रिंट काढली. सातव्या कलमाभोवती पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"मॅडम, राग मानू नका," अमृता म्हणाली. "मी चार वर्षं काँट्रॅक्टवर आहे. दर अकरा महिन्यांनी नवीन कागद. म्हणून मला असलं सगळं वाचायची सवय लागलीय. याला आहे ती नोकरी पक्की आहे. ती सोडायची म्हणजे नीट बघूनच ना?"

"बरोबर आहे तुमचं," ऋजुता म्हणाली. "विचारा."

"पहिलं पगाराचं. वर बासष्ट हजार लिहिलंय. आणि इथे, सातव्या कलमात, प्रोबेशनमध्ये त्याच्या पंच्याऐंशी टक्केच मिळतील. मी हिशोब केला, बावन्न हजार सातशे येतात. याला आत्ताच चौपन्न मिळतात."

ऋजुताने कागद जवळ ओढला. खरंच होतं. इंटरव्ह्यूमध्ये सरांनी 'बासष्ट' म्हणून सांगितलं होतं, त्यांच्या डोक्यात पंच्याऐंशी टक्के नव्हतेच. ते कलमात होते, कारण फाइलमध्ये होते.

"दुसरं," आता रत्नदीप बोलला. "नोटीस. मला सोडायचं झालं तर प्रोबेशनमध्येही साठ दिवस. कंपनीला मला काढायचं झालं तर नोटीस नाही, कारणही द्यायचं नाही. समजा, मला तुमच्याकडून दुसऱ्या महिन्यात काढलं. मी ही नोकरी सोडून आलेला, हातात एक दिवसही नाही. आणि मला नाही जमलं तर मी दोन महिने अडकलेला. एकाच कलमात दोन वेगळी मापं का?"

"आणि तिसरं हे बघा," अमृताची पेन्सिल खाली सरकली. "सहा महिने प्रोबेशन, व्यवस्थापनाला वाटेल तितकं वाढवता येईल. किती वेळा, कुठपर्यंत, काही नाही. कामगिरी समाधानकारक वाटल्यास कन्फर्म करू. समाधानकारक म्हणजे काय? आणि शेवटची ओळ, लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत कर्मचारी प्रोबेशनवरच समजला जाईल. म्हणजे कोणी लेटर द्यायला विसरलं तर हा म्हातारा होईपर्यंत प्रोबेशनवर!"

ऋजुता हसली, तेही हसले. पण रत्नदीपने पुढचा प्रश्न विचारला तेव्हा तिचं हसू तिथेच थांबलं.

"मॅडम, कलम कसंही असू दे. खरं काय होतं ते कळलं तरी मला पुरे. तुमच्याकडे आतापर्यंत किती जणांना कन्फर्मेशन लेटर मिळालंय?"

सगळ्यांच्या फायली तिने नऊ महिन्यांत नीट लावलेल्या होत्या. आधार, बँकेचा तपशील, पीएफचा फॉर्म, ऑफर लेटर. त्या फायलींमध्ये कन्फर्मेशन लेटर नावाचा कागद तिने कधी पाहिलाच नव्हता. एकाही फाइलीत नाही. तिच्या स्वतःच्या फाइलीतसुद्धा!

"मला... मला बघून सांगावं लागेल," ती म्हणाली.

"बघा," रत्नदीप म्हणाला. "मला यायचंय मॅडम. तुमच्या सरांनी मला फळ्यावर कंप्रेसरचं लॉजिक काढायला लावलं ना, इतकं मजेत कुणी माझ्याशी कामाबद्दल बोललेलं नाही. पण माझ्या कंपनीने मला थांबवायला प्रमोशन देऊ केलंय. सोमवारी मला त्यांनाही सांगायचंय."

घरी येताच ऋजुताने लॅपटॉप उघडला. आई विचारत राहिली की जेवणार आहेस का, पण हिचं लक्ष फक्त स्वतःच्या ऑफर लेटरवर. मागच्या जुलैत मिळालेलं. तेव्हा तिने पगाराचा आकडा वाचला होता, जॉइनिंगची तारीख वाचली होती, आणि खाली सही ठोकून सगळ्या मैत्रिणींना फोटो पाठवला होता. सातवं कलम आज पहिल्यांदा वाचलं. तेच. शब्दाला शब्द. सहा महिने जानेवारीत संपलेले, आता एप्रिल चालू, आणि बाहेरचा अकाउंटंट लेटर बघून पगार काढायचा, तो अजून पंच्याऐंशी टक्क्यांचाच. तो कापून येतोय हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिला वाटलेलं, कपातीच इतक्या असतील.

तिला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्यापेक्षा जास्त आली ती एक विलक्षण तरतरी, गणिताचं उत्तर चुकतंय कुठे ते अचानक दिसावं तशी. तिने एचआरच्या अभ्यासक्रमाला शिकवणाऱ्या हेमा मॅडमना फोन लावला. त्या कोपरीला राहायच्या, एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेल्या.

"मॅडम, प्रोबेशनची मुदत संपली आणि कोणी काहीच बोललं नाही, तर माणूस आपोआप कन्फर्म होतो ना?"

"सर्वसाधारणपणे नाही होत," हेमा मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांचा तोच समज असतो. पत्रात काय लिहिलंय त्यावर आहे. लेखी कन्फर्मेशन लागेल असं लिहिलं असेल, तर नुसतं काम करत राहिल्याने तू कन्फर्म होत नाहीस. मात्र पत्रातच कमाल मुदत घातली असेल आणि त्यानंतर कन्फर्म समजला जाईल असं असेल, तर गोष्ट वेगळी. तुझं काय आहे?"

"लेखी लागेल असंच आहे."

"मग लेखी घे. आणि तू एचआर आहेस ना तिथे? मग बाकीच्यांचंही बघ. उपकार म्हणून नव्हे हो, ते तुझं कामच आहे."

रविवारी सकाळी ती ऑफिसला गेली. भिवंडीच्या ऑर्डरमुळे शेड सुरू होतंच. तिने पोटमाळ्यावर एकेक फाइल काढली. तीन वर्षांपूर्वी बँकेच्या कामासाठी सरांनी सगळ्या जुन्या माणसांना एकदमच लेटर दिलेली, आणि नंतर येणाऱ्यांना त्याचीच नक्कल. तेवीस फायली, तेवीस सातवी कलमं, आणि कन्फर्मेशनचं पत्र एकही नाही. बाकीच्यांचे पगार सर मनानेच वाढवत आलेले, त्यामुळे कुणाला काही खटकलंच नव्हतं.

काळुरामदादा चहा घेऊन वर आले. कोपरच्या बाजूच्या गावातले, शेड उघडलं त्या दिवसापासून इथे. तिने त्यांना सांगितलं.

"मंग मी अजून नवीनच हाय का गो?" त्यांनी विचारलं.

"कागदावर, हो."

ते इतके मोठ्याने हसले की खालच्या पोरांनी वर पाहिलं. "अरे ऐका रे! मी अजून कच्चाच हाय! उद्यापासून मना कोणी दादा बोलू नका!" पण हसता हसता ते थांबले. "ह्यो कागद कोणा वाईट माणसाच्या हाती गेला, तर?"

"म्हणूनच तर," ऋजुता म्हणाली.

सोमवारी सकाळी सर यायच्या आधी ती त्यांच्या केबिनच्या दारात उभी होती. सर घाईत आत शिरले. "आला का रत्नदीपचा होकार?"

"नाही आला. आणि या लेटरवर येणारही नाही, सर. पाच मिनिटं बसा, प्लीज."

तिने कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. बावन्न हजार सातशेवर आल्यावर सर ताडकन म्हणाले, "पण मी तर बासष्ट म्हणालो होतो!"

"तुम्ही म्हणालात. कलम वेगळं म्हणतंय. तो सही कलमावर करणार."

"हे लेटर आलं कुठून? मी नाही लिहिलेलं हे."

"तुमच्या मित्राच्या कंपनीचं आहे. फाइलच्या माहितीत अजून त्यांचं नाव आहे."

मग तिने फायलींचं सांगितलं, काळुरामदादांसकट. सरांनी चष्मा काढला. "म्हणजे तेवीसच्या तेवीस माणसं..."

"प्रोबेशनवर. कागदानुसार तुम्ही आज दुपारी काळुरामदादांना नोटीस न देता घरी पाठवू शकता."

"मी असं कधी केलं असतं का?"

"नाही केलं असतं. पण रत्नदीप तुम्हाला एकदाच भेटलाय, सर. त्याच्याकडे तुमच्या ओळखीचा फक्त हा कागद आहे."

हे वाक्य तिने ठरवून आणलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिचं तिलाच जरा जास्त वाटलं. सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बोल. काय बदलायचं?"

तिने नवा मसुदा आणलाच होता. पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण. यावर सर लगेच हो म्हणाले. प्रोबेशनमध्ये नोटीस दोन्ही बाजूंनी तीस दिवस, नोटीस द्यायची नसेल तर तेवढ्या दिवसांचा पगार. कन्फर्म झाल्यावर दोन्हीकडून साठ. इथे ते अडले.

"तीस दिवस मलाही? माणूस अगदीच निरुपयोगी निघाला तर?"

"तर एक महिन्याचा पगार देऊन मोकळे व्हा. आणि चोरीमारी, मारामारी असं गैरवर्तन असेल तर त्याचं कलम वेगळं आहे, बारावं. ते तसंच राहील."

"ठीक. आणि प्रोबेशन? तीन महिने नाही हं करणार मी. भिवंडीचं कमिशनिंग, म्हणजे साइटवर सगळं चालू करून देणं, त्याच्या पाचव्या महिन्यात आहे. माणूस साइटवर कसा वागतो हे बघितल्याशिवाय मी पक्कं नाही करणार."

"त्याने तीन मागितलेले नाहीत. सहाच ठेवू. फक्त कशावरून ठरवणार ते लिहू. तुम्हीच सांगा, कशावरून?"

सर उठले, फळ्याकडे गेले, आणि पुढची वीस मिनिटं दोघंही असे काही कामाला लागले की बाहेर दोनदा फोन वाजून गेला. पहिल्या तीन महिन्यांत कंप्रेसरच्या पॅनलचा प्रोग्रॅम लिहून शेडमध्ये चाचणी पूर्ण. सहा महिन्यांत साइटवर एक युनिट सुरू करून गिऱ्हाइकाची सही. प्रत्येक प्रोग्रॅमची नीट नोंद, म्हणजे दुसऱ्याला वाचता येईल. तिसऱ्या महिन्याला लेखी आढावा, काय चाललंय आणि काय कमी पडतंय ते. जुन्या कंपनीकडून अनुभवाची पडताळणी जॉइन झाल्यापासून एका महिन्यात, कन्फर्मेशनपर्यंत लोंबकळत ठेवायची नाही.

"मुदतवाढ एकदाच," ऋजुता म्हणाली, "जास्तीत जास्त तीन महिने, मुदत संपायच्या आधी, कारणासकट लेखी. आणि मुदत संपेपर्यंत कंपनीने काहीच कळवलं नाही, तर कन्फर्म समजायचं."

"म्हणजे मी विसरलो की तो पक्का."

"हो."

"हे जरा धोक्याचं आहे, ऋजुता."

"धोका आतापर्यंत त्यांच्या बाजूला होता, सर. आता आपल्याकडे येईल. तारखा मी सांभाळीन. प्रत्येकाची मुदत संपायच्या एक महिना आधी तुमच्या टेबलावर कागद असेल. नसला तर ती माझी चूक."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझं प्रोबेशन कधी संपलं?"

"जानेवारीत."

"अरे देवा," सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "आधी रत्नदीपचं पाठव. मग बाकीच्यांचं करू. तुझं मी स्वतः करणार."

साडेअकराला सुधारलेलं पत्र गेलं. वर तिने दोन ओळी लिहिल्या, की आधीचं पत्र रद्द समजावं, आणि तुम्ही शनिवारी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर 'एकालाही नाही' असं आहे, ते या आठवड्यात बदलतंय. दुसरी ओळ ठेवावी की नाही यावर तिने बराच विचार केला. मग ठेवली.

जेवणाची सुट्टी झाली, संपली. उत्तर नाही. तिने सहा वेळा मेल उघडून बघितला. सर दोनदा वर येऊन गेले, काहीतरी शोधायला आल्याचं दाखवून. तीनच्या सुमारास फोन वाजला तेव्हा तिने तो इतक्या घाईने उचलला की पेनचा डबा कलंडला.

"मॅडम, रत्नदीप. सही करून पाठवलंय. राजीनामा पण दिला आत्ताच."

"खरंच?"

"अमृताने चार वेळा वाचलं. एकच बदल सुचवत होती, स्वल्पविरामाचा." तो हसला. "मॅडम, तुम्ही 'एकालाही नाही' असं खरं लिहिलंत ना, तिथेच आमचं ठरलं. जूनच्या मध्यावर येतो. त्या आधी सरांना म्हणा, कंप्रेसरचे ड्रॉइंग बघायला मिळाले तर बघून ठेवीन."

ऋजुता कठड्याकडे धावली. तिला ओरडायची गरजच पडली नाही. तिचा चेहरा बघूनच खाली शिट्ट्या सुरू झाल्या. सर केबिनमधून बाहेर आले, दोन्ही हात हवेत, आणि कुणाला तरी मिठी मारायची म्हणून समोर आलेल्या काळुरामदादांना मारली.

पुढचे चार दिवस कामाचेच होते. सर एकेकाला बोलावून बसवत, त्याच्या कामाबद्दल दोन शब्द बोलत आणि पत्र देत. बहुतेकांची तारीख मागची पडली, मूळ सहा महिने संपल्याची. दोन नवीन पोरांची मुदत अजून चालू होती, त्यांना नव्या कलमाचं पत्र मिळालं. काळुरामदादांनी आपलं पत्र मोठ्याने वाचायला लावलं, मग घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि दिवसभर शर्टावरून तिथे हात फिरवत राहिले.

ऋजुताचा नंबर शुक्रवारी संध्याकाळी लागला. सरांनी समोर बसवलं आणि खरोखर आढावा घेतला. तिची तयारी फक्त कौतुकाची होती, पण सर म्हणाले, "भरतीत तू जोरदार आहेस. कागद वाचण्यात नव्हतीस. नऊ महिने ते लेटर पाठवत होतीस, एकदाही सातव्या कलमापर्यंत पोचली नाहीस. मी पण नाही पोचलो, पण ते माझं काम नव्हतं, तुझं होतं."

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली. टोचलं, पण खरं होतं.

"आणि ज्या दिवशी पोचलीस त्यानंतर तीन दिवसांत जे केलंस, ते मी दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ शकलो नसतो. हे दोन्ही लिहिलंय त्यात." त्यांनी पत्र पुढे सरकवलं. कन्फर्मेशन जानेवारीपासून, पूर्ण पगार, तेव्हापासूनचा फरक पुढच्या पगारात.

तिने पेन उचललं नाही. पत्र दोन्ही हातांत धरून पहिल्या ओळीपासून वाचू लागली. सर घड्याळाकडे बघायला लागले, मग स्वतःच हसले आणि खुर्चीत मागे रेलून बसले. बाहेर शेडमध्ये कुणीतरी वडापाव मागवले होते आणि तिला हाका मारत होतं, पण ती अजून दुसऱ्या पानावर होती.